फोनला दिसतं, लॅपटॉपला का दिसत नाही? पाच गिगाहर्ट्झ वायफायचं कोडं

फायबरचं नवं कनेक्शन घेतलं की जोडणारा मुलगा भिंतीला राऊटर लावतो, आपल्याच फोनवर स्पीड टेस्ट करून दाखवतो आणि पुढच्या घरी जातो. फोनवर वायफायची दोन नावं दिसतात. समजा, `Ghar` आणि `Ghar_5G`. दुसऱ्या नावाला जोडलं की फोन सुसाट चालतो. मग लॅपटॉप उघडावा, तर तिथे एकच नाव: `Ghar`. दुसऱ्याचा पत्ताच नाही. लॅपटॉप राऊटरच्या अगदी शेजारी नेऊन ठेवला तरी नाही. कंपनीला फोन केला की उत्तर मिळतं, "आमच्याकडून लाईन ओके आहे." आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं.

हे कोडं सोडवण्यासाठी एकच घर डोळ्यांसमोर ठेवू. सिंहगड रोडवरचा फ्लॅट, 200 एमबीपीएसचा प्लॅन. घरात दोन लॅपटॉप आहेत. एक वडिलांचा, आठ-नऊ वर्षांपूर्वी घेतलेला. दुसरा मुलीचा, साधारण त्याच काळातला पण थोडा वरच्या किमतीचा, आणि नुकताच दुकानातून विंडोज मारून आणलेला. फोनवर 190 चा स्पीड येतो, दोन्ही लॅपटॉपवर 40 च्या आसपास. `Ghar_5G` दोघांनाही दिसत नाही. लक्षण एकच, पण दुखणी दोन आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. हा फरक न ओळखता लोक राऊटर बदलतात, ड्रायव्हर चढवतात, पुन्हा फॉरमॅट मारतात, आणि पैसे जातात.

## आधी हे 2.4 आणि 5 म्हणजे काय

वायफाय म्हणजे रेडिओच. राऊटर हे छोटं केंद्र आणि लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड हा रेडिओसंच. हे केंद्र दोन वेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, बोलतं: एक 2.4 गिगाहर्ट्झचा आणि एक 5 गिगाहर्ट्झचा.

2.4 चा बँड जुना आणि अरुंद. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या जागा तीनच, चॅनेल 1, 6 आणि 11. सोसायटीत वीस-पंचवीस राऊटर असले की ते सगळे या तीन जागांत दाटीवाटीने बसतात, शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हची भर असतेच. दिवाळीच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रोडवरून स्कूटर काढण्यासारखं ते आहे. स्कूटर चांगली असूनही उपयोग नसतो. 5 च्या बँडमध्ये जागा पुष्कळ आणि रस्ते रुंद. उणीव एकच, त्या लहरी भिंतीत लवकर दमतात. शेजारच्या खोलीत बरं चालतं, दोन जाड भिंतींपलीकडे रेंज झपाट्याने कमी होते. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना तर हे फार जाणवतं.

नावातल्या `5G` चा मोबाईलच्या फाइव्ह-जीशी काडीचा संबंध नाही. तिथे जी म्हणजे पिढी, इथे जी म्हणजे गिगाहर्ट्झ. त्यामुळे "लॅपटॉप फाइव्ह-जी आहे का?" असं दुकानात विचारू नये, भलतंच उत्तर मिळतं.

आता मुख्य गोष्ट. घरी पूर्वी फक्त मीडियम वेव्हचा रेडिओ असायचा, आठवतो? त्यावर 792 ला पुणे केंद्र लागायचं. त्याच रेडिओवर एफएम लावायला गेलं तर कितीही खुंटी पिळली, एरियल कितीही ओढली, तरी ते लागणार नाही. केंद्र चालू आहे, हवेत लहरी आहेत, पण त्या पकडणारा भागच त्या संचात बसवलेला नाही. वडिलांच्या लॅपटॉपचं नेमकं हेच झालं आहे.

## मग फोनला कसं दिसतं?

दोन कारणं आहेत. पहिलं साधं आहे. गेल्या बऱ्याच वर्षांतल्या बहुतेक फोनमध्ये दोन्ही बँड पकडणारी चिप असते. लॅपटॉपचं तसं नव्हतं. कमी किमतीच्या लॅपटॉपमध्ये 2016-17 पर्यंत, आणि काहींत त्यानंतरही, फक्त 2.4 चं कार्ड सर्रास बसवलं जाई. जाहिरातीत प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क ठळक अक्षरांत असे आणि वायफायबद्दल एवढंच: `802.11 b/g/n`. घेणाऱ्याला वाटे, वायफाय आहे, झालं.

दुसरं कारण सहसा कुणी सांगत नाही. कोणत्या देशात कोणती चॅनेल वापरायची याचे नियम असतात. फोनमध्ये सिम असतं, त्यामुळे आपण भारतात आहोत हे मोबाईल नेटवर्कवरूनच त्याला कळतं आणि इथे चालणारी सगळी चॅनेल तो ऐकतो. लॅपटॉपला सिम नाही. बहुतेक कार्डांत कारखान्यात भरलेली एक देशसूची असते आणि कार्ड तिच्यावर विसंबून राहतं. सूची जुनी किंवा दुसऱ्या प्रदेशाची असेल तर काही चॅनेल ते ऐकतच नाही. मुलीच्या लॅपटॉपचं दुखणं या दिशेचं आहे.

## पहिली तपासणी: एक आज्ञा, एक ओळ

लॅपटॉप न उघडता, काही न विकत घेता दोन मिनिटांत निदान होतं. स्टार्टमध्ये `cmd` टाइप करून काळी खिडकी उघडा आणि ही ओळ टाका:

```
netsh wlan show drivers
```

बरंच काही छापून येईल. त्यातल्या दोनच ओळी बघायच्या. वडिलांच्या लॅपटॉपवर त्या अशा येतात:

```
Driver                : Realtek RTL8723BE 802.11 bgn Wi-Fi Adapter
Radio types supported : 802.11n 802.11g 802.11b
```

आणि मुलीच्या लॅपटॉपवर अशा:

```
Driver                : Intel(R) Dual Band Wireless-AC 3165
Radio types supported : 802.11b 802.11g 802.11n 802.11a 802.11ac
```

दुसऱ्या ओळीत `802.11a` किंवा `802.11ac` आहे का, एवढंच पाहायचं. हे दोन्ही प्रकार 5 गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे यांपैकी एक जरी दिसला तरी कार्डाला 5 चा बँड कळतो. फक्त b, g आणि n असतील तर कळत नाही.

इथे `n` मुळे पुष्कळांची फसगत होते. राऊटरच्या खोक्यावर लिहिलेलं असतं की `n` दोन्ही बँडवर चालतं, आणि ते खरंच आहे. पण 5 वर चालणं हे `n` मध्ये ऐच्छिक होतं, बंधनकारक नव्हतं. कार्ड बनवणाऱ्याने तो भाग वगळून पैसे वाचवले तरी त्याला `n` म्हणता येत होतं. म्हणून एकट्या `n` वरून काही ठरवू नये, सोबत `a` हवा.

एक खबरदारी घ्यावी. चुकीचा किंवा कामचलाऊ ड्रायव्हर बसलेला असला तर ही यादी अपुरी छापली जाऊ शकते. म्हणून पहिल्या ओळीतलं कार्डाचं नावही ताडून पाहायचं. RTL8723BE, RTL8723DE, Qualcomm Atheros AR9485, Broadcom BCM43142, Intel Centrino Wireless-N 2230 ही सगळी निव्वळ 2.4 ची कार्डं. नावात `Dual Band`, `AC` किंवा `Wi-Fi 6` असेल तर 5 आहे. नावच धड नसेल, तर स्टार्टमध्ये `devmgmt.msc` टाइप करून डिव्हाइस मॅनेजर उघडावा आणि `Network adapters` खाली कार्डावर डबल क्लिक करून `Details` मध्ये `Hardware Ids` निवडावं. `VEN_10EC&DEV_B723` असं दिसलं की ते RTL8723BE, ड्रायव्हर काहीही म्हणो.

## वडिलांचा लॅपटॉप: कार्डातच बँड नाही

इथे ड्रायव्हरचा काही इलाज चालत नाही, हे एकदा मनाशी पक्कं करायला हवं. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यामध्ये बसून कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, नावाप्रमाणेच चालक. गाडीला गिअरच चार असतील तर चालक कितीही तरबेज आणला तरी पाचवा पडायचा नाही. "5 गिगाहर्ट्झ अनलॉक करणारा ड्रायव्हर" म्हणून जे काही डाउनलोडला ठेवलेलं असतं, ते या कार्डावर काम करणं शक्यच नाही. त्याबरोबर भलतंसलतं काहीतरी लॅपटॉपमध्ये शिरेल एवढंच.

नवा, महाग राऊटर आणूनही हा लॅपटॉप 2.4 वरच राहील. त्याचा आकडा कुठे अडतो हे पाहण्यासारखं आहे. RTL8723BE ला एकच अँटेना वापरता येते. गर्दीच्या 2.4 बँडमध्ये 20 मेगाहर्ट्झ रुंदीवर एका अँटेनाची जोडणी फार तर 72 एमबीपीएसची होते, आणि त्यातले हाती 35 ते 45 पडतात. म्हणजे स्पीड टेस्टवर येणारे 40 हा बिघाड नाही, कार्ड आपल्या पूर्ण ताकदीने चाललं आहे. प्लॅन 200 चा असो की 500 चा, या लॅपटॉपवर आकडा तोच राहणार.

उपाय दोन. सोपा आधी.

बाहेरून यूएसबी अ‍ॅडॉप्टर. पेन ड्राइव्हसारखा दिसणारा हा तुकडा यूएसबीत खोचला की लॅपटॉपला दुसरं वायफाय कार्ड मिळतं. तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन शेकड्याने प्रकार मिळतात आणि चूक इथेच होते. "तीनशे एमबीपीएसचा द्या" म्हटलं की हातात पडतो तो `N300` लिहिलेला, आणि अशी छोटी `N150`, `N300` अ‍ॅडॉप्टर जवळजवळ सगळी 2.4 चीच असतात. मूळ दुखणं तसंच राहतं. खोक्यावर `Dual Band` आणि `AC` किंवा `AX` हे दोन्ही शब्द शोधावेत. `AC600` म्हणजे 5 वर 433 आणि 2.4 वर सुमारे 150, अशी बेरीज. 200 च्या प्लॅनला `AC600` साधारण पुरतो. त्याहून मोठा प्लॅन असेल तर `AC1300` घ्यावा, पण तो यूएसबी 3 च्या निळ्या पोर्टात लावावा, कारण यूएसबी 2 ची धावच 480 पर्यंत, आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी.

बसवल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुन्या कार्डावर राइट क्लिक करून `Disable device` करायचं. नाहीतर विंडोज जुन्याच कार्डावरून `Ghar` ला जोडून बसतं आणि आपण म्हणतो, अ‍ॅडॉप्टर बेकार निघाला.

आतलं कार्ड बदलणं. हे नीटनेटकं काम आहे, लॅपटॉपला शेपूट राहत नाही. पण आधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, खाच कोणती. साधारण 2015 च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये हाफ मिनी कार्ड असतं, चौकोनी, 30 बाय 27 मिलिमीटरच्या आसपास. त्यानंतरच्यांत एम-डॉट-टू असतं, 22 बाय 30, एका टोकाला एकच स्क्रू. दोन्ही एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, आणि अँटेनाच्या टिकल्याही वेगळ्या मापाच्या असतात. काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डावरच डाग देऊन बसवलेलं असतं. तिथे यूएसबीशिवाय पर्याय नाही.

दुसरी, कार्ड कोणतं. एम-डॉट-टू खाचेला इंटेलचं AX200 किंवा AX210 चालतं, प्रोसेसर इंटेलचा असो वा एएमडीचा. AX201 आणि AX211 दिसायला हुबेहूब तशीच, पण ती फक्त इंटेलच्या ठराविक नव्या प्रोसेसरांबरोबर काम करतात, कारण कार्डाचं अर्धं काम त्यांच्यात प्रोसेसरच्या बाजूने होतं. 200 आणि 201 या एका आकड्याच्या चुकीपायी कार्ड परत करण्याची पाळी येते. AX200 ला 64 बिटची विंडोज 10 किंवा 11 लागते, विंडोज 7 साठी त्याचा ड्रायव्हरच नाही. काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम, फक्त ठरलेलीच कार्डं स्वीकारतो. भलतं कार्ड दिसलं की सुरू होतानाच संदेश देऊन थांबतो. आपल्या मॉडेलचं असं काही आहे का, हे कार्ड घेण्याआधी शोधून घ्यावं.

तिसरी, आणि हीच हमखास निसटते: अँटेनाच्या तारा. कार्डावर मोहरीच्या दाण्याएवढ्या सोनेरी टिकल्या असतात आणि त्यांवर काळी व राखाडी किंवा पांढरी अशा बारीक तारा टिचकन बसवलेल्या असतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये कार्ड एका अँटेनाचं, म्हणून कंपनीने तारही एकच ओढलेली असू शकते. नव्या AX200 ला दोन टिकल्या असतात, त्यातली एक मोकळी राहते. कार्ड चालतं, पण वेग निम्म्यावर येतो आणि रेंज कच्ची पडते. शिवाय ती एकटी तार 2.4 साठीच जुळवलेली असेल तर 5 ची रेंज शेजारच्या खोलीतही डळमळते. म्हणून मागचं झाकण उघडून तारा मोजल्यावरच कार्ड मागवावं. बदलताना चार्जर काढावा, आतली बॅटरी सुटी करावी, तार नखाने सरळ वर उचलावी, ओढू नये. बसवताना टिकली बरोबर मध्यावर ठेवून बोटाने दाबली की टिक असा आवाज येतो. आवाज आला नाही तर ती बसलेली नाही.

वडिलांच्या लॅपटॉपला तार एकच निघाली, तर सरळ `AC600` घ्यावा. त्या वयाच्या लॅपटॉपवर यापेक्षा जास्त खर्च करावा असं मला वाटत नाही.

## मुलीचा लॅपटॉप: बँड आहे, तरी दिसत नाही

इथे यादीत `a` आणि `ac` आहेत, म्हणजे कार्ड निर्दोष. मग दोष ड्रायव्हरचा की राऊटरच्या चॅनेलचा? त्यासाठी दुसरी आज्ञा:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

विंडोज 11 च्या नव्या आवृत्तीत लोकेशनची परवानगी बंद असेल तर ही आज्ञा नकार देते. सेटिंग्जमध्ये लोकेशन तेवढ्यापुरतं चालू करावं. आसपासची सगळी नेटवर्क छापून येतील आणि प्रत्येकाखाली `Channel` असा आकडा असेल. 1 ते 13 म्हणजे 2.4 चा बँड. 36 आणि त्यापुढचा कुठलाही आकडा म्हणजे 5 चा.

ही तपासणी मला सगळ्यांत उपयोगाची वाटते, कारण इथे शेजारीच आपल्या कामाला येतात. शेजाऱ्यांपैकी कुणाचंही नेटवर्क 36, 44 किंवा 149 वर दिसलं, तर आपला लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झ ऐकतो हे सिद्ध झालं. मग ड्रायव्हरच्या मागे न लागता चॅनेलकडे वळायचं. आणि सगळ्या इमारतीत, शेजाऱ्यांच्या फोनवर भरपूर 5 ची नावं असताना, लॅपटॉपवर 36 च्या पुढचं एकही दिसलं नाही, तर बँड ड्रायव्हरमध्ये किंवा सेटिंगमध्ये बंद आहे.

## 36 च्या पुढचं काहीच दिसत नसेल तर

आधी सेटिंग पाहावं, ते दोन क्लिकवर आहे. `devmgmt.msc` उघडून `Network adapters` खाली वायफाय कार्डावर डबल क्लिक, मग `Advanced`. कार्डाप्रमाणे नावं बदलतात, पण शोधायचं ते हे: `Wireless Mode` मध्ये `802.11b/g` असं काही निवडलेलं असेल तर 5 चा बँड बंदच आहे. तिथे `a` किंवा `ac` असलेला पर्याय निवडावा. `802.11n/ac Wireless Mode` बंद असेल तर `802.11ac` करावं. `Preferred Band` मात्र फक्त आवड सांगतो. दोन्ही दिसत असतील तर कोणता आधी घ्यायचा एवढंच, न दिसणारा बँड तो दाखवू शकत नाही.

सेटिंग ठीक असेल तर ड्रायव्हर. इथे एक प्रश्न फार कामाचा ठरतो: 5 चं नाव या लॅपटॉपवर पूर्वी दिसत होतं का? दिसत होतं आणि विंडोज मारून आणल्यावर किंवा मोठ्या अपडेटनंतर गायब झालं, तर जवळपास नक्कीच ड्रायव्हर. दुकानात विंडोज मारताना वेळ वाचवण्यासाठी ड्रायव्हर पॅक चढवतात, त्यातला ड्रायव्हर "चालतो" पण त्याच कार्डाचा असतोच असं नाही. गाडीला पाचवा गिअर आहे, चालकाला माहीत नाही.

`Driver` टॅबमध्ये `Driver Date` पाहा. लॅपटॉपच्या कंपनीच्या साईटवर आपल्या मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. हा क्रम महत्त्वाचा, कारण पुढे थोडा वेळ नेट जाणार आहे. मॉडेल `msinfo32` मध्ये `System Model` समोर सापडतं. मग कार्डावर राइट क्लिक, `Uninstall device`, आणि येणाऱ्या खिडकीत `Attempt to remove the driver for this device` ला खूण करा. खूण केली नाही तर विंडोज तोच जुना ड्रायव्हर परत बसवतं आणि सगळी खटपट वाया जाते. शिफ्ट दाबून ठेवून शटडाऊन करा, कारण साधं शटडाऊन बऱ्याचदा विंडोजला अर्धवट झोपवतं. पुन्हा सुरू करून उतरवलेला ड्रायव्हर चढवा आणि पहिली आज्ञा पुन्हा टाकून यादी पाहा.

एक खास प्रसंग. राऊटर नवा वायफाय 6 चा, म्हणजे `ax` प्रकारचा, असेल आणि लॅपटॉपमध्ये इंटेलचं 7260, 3165 किंवा 7265 सारखं जुनं कार्ड असेल, तर जुन्या ड्रायव्हरला ते नेटवर्क दिसतच नाही. राऊटरची घोषणा नव्या धाटणीची असते आणि जुना ड्रायव्हर ती न समजल्याने सोडून देतो. इंटेलने यासाठी सुधारित ड्रायव्हर दिलेले आहेत. खात्री करायची असेल तर राऊटरमध्ये 5 साठीचा `ax` मोड तात्पुरता बंद करून `ac` ठेवावा. नाव लगेच दिसलं तर कारण सापडलं, मग ड्रायव्हर अद्ययावत करून `ax` परत चालू करता येतो.

## शेजाऱ्यांची दिसतात, आपलंच दिसत नाही

मुलीच्या लॅपटॉपवर हेच घडतं. यादीत शेजाऱ्यांची 44 आणि 149 वरची नेटवर्क आहेत, `Ghar_5G` नाही. फोनवर वायफाय तपासणारं एखादं अ‍ॅप उघडलं तर `Ghar_5G` चॅनेल 100 वर निघतं. राऊटर `Auto` वर आहे आणि त्याने स्वतःच मोकळी जागा शोधून 100 निवडलं आहे.

5 च्या बँडमध्ये चॅनेलचे गट आहेत. 36 ते 48 हा पहिला, 52 ते 64 दुसरा, 100 ते 144 तिसरा, 149 पासून पुढे चौथा. भारतात तिसरा गट विनापरवाना वापराला 2018 च्या ऑक्टोबरमध्ये खुला झाला. तोवर पहिला, दुसरा आणि चौथा एवढेच होते, तेही घराच्या आत. त्यामुळे त्याआधीच्या देशसूचीवर चालणारं कार्ड 100 वर कान देत नाही. विंडोज मारताना बसलेला 2015 चा ड्रायव्हर असेल तर ही शक्यता आणखी वाढते. नव्या ड्रायव्हरने ती कधी सुटते, कधी नाही, कारण सूचीचा काही भाग कार्डातच कोरलेला असतो.

मधल्या दोन गटांची आणखी एक अडचण. ही जागा काही प्रकारची रडारही वापरतात. म्हणून तिथे वायफायने आधी ऐकायचं आणि रडार आढळलं तर जागा सोडायची, असा शिरस्ता आहे. राऊटरच्या पानावर याला `DFS` म्हणतात. या चॅनेलवर राऊटर सुरू झाल्यावर निदान एक मिनिट नुसता ऐकतो, मग नाव प्रसारित करतो. लॅपटॉपनेही तिथे स्वतःहून हाक मारायची नसते, राऊटरची हाक कानावर पडण्याची वाट पाहायची असते. त्यामुळे अशा चॅनेलवरचं नाव उशिरा दिसतं किंवा मधूनच गायब होतं. वीज जाऊन आल्यावर "फाइव्ह-जी परत आलं नाही" ही तक्रार अनेकदा या एका मिनिटाची असते.

उपाय राऊटरमध्ये आहे आणि फुकट आहे. राऊटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`, आणि पासवर्डही. तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडून 5 च्या वायरलेस सेटिंगमध्ये `Channel` हे `Auto` वरून 36, 40, 44 किंवा 48 पैकी एकावर ठेवावं आणि `Bandwidth` 80 मेगाहर्ट्झ. 160 ठेवू नये, कारण तेवढी रुंदी पहिल्या गटात मावत नाही आणि राऊटर पसरत रडारवाल्या गटात शिरतो. शेजाऱ्यांची तिथे फारच गर्दी असेल तर 149. सेव्ह करून लॅपटॉपचं वायफाय बंद-चालू केलं की `Ghar_5G` दिसायला हवं.

## आणि नाव एकच असेल तर?

काही राऊटर दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि कुणाला कुठे जोडायचं ते स्वतः ठरवतात. तिथे "5 दिसत नाही" ही तक्रार चुकीची असू शकते, लॅपटॉप आधीच 5 वर असेल. म्हणून दुरुस्तीआधी आणि नंतरही ही आज्ञा टाकून पाहावी:

```
netsh wlan show interfaces
```

`Channel` 36 किंवा पुढचं असेल तर तुम्ही 5 वर आहात. `Receive rate` म्हणजे कार्ड आणि राऊटर यांच्यातला जोडणीचा वेग. मुलीच्या 3165 ला एकच अँटेना असते, त्यामुळे राऊटरच्या खोलीत तिथे 433 दिसतं आणि स्पीड टेस्टला प्लॅनचे 200 जवळपास पूर्ण मिळतात. आतल्या खोलीत दार लावून बसल्यावर तोच आकडा 200 च्या खाली आला तर प्रत्यक्ष वेगही शंभराच्या आसपास येईल. ते भिंतींमुळे, ड्रायव्हरमुळे नाही. आकडा 433 असूनही स्पीड टेस्ट 40 वरच अडली असेल, तर वायफायचं काम झालेलं आहे. मग राऊटरला केबलने लॅपटॉप जोडून पाहावा, आणि केबलवरही 40 आले तर कनेक्शन देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी.